मार्कची शेवटची बारा वचनं

पदवी घेऊन निघालेल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर बोलणारा हमखास नम्रतेवर बोलतो. मान खाली ठेवा, आवाज खाली ठेवा, शिकलात म्हणून मिरवू नका. मला ही नम्रता स्वस्त वाटते. ती आवाजात असते, कामात दिसत नाही. म्हणून तुमच्याशी मी एकाच उताऱ्याबद्दल बोलणार आहे, आणि तोही यवतमाळ डोळ्यांपुढे ठेवून. १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी याच शहरात सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. सेमिनरी गेली, पण भोवतालची कापसाची शेतं इथेच आहेत, आणि तुमच्यातले काही जण अशाच गावांत पाळक म्हणून जाणार आहेत.

मार्ककृत शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय काढा. अठराव्या वचनात विश्वास ठेवणारे साप हाती धरतील आणि प्राणघातक काही प्याले तरी त्यांना बाधणार नाही, असं अभिवचन आहे. आता हे वचन पऱ्हाटीत निंदणाऱ्या बाईसमोर वाचायचं आहे. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, तोंडाला धड फडकंही नसताना माणसं फवारत होती. त्यांच्या घरच्यांना हे वचन कसं ऐकू येईल?

तुम्हाला वर्गात शिकवलेलं आहे, की सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान आठव्या वचनापाशीच थांबतं. कबरेपाशी आलेल्या बाया भेदरून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, आणि तिथेच संपतं. पुढच्या बारा वचनांचा सांधा साध्या वाचकालाही लागतो. पहिल्याच वचनात मरिया मग्दालिया आहे, पण तिची ओळख अशी करून दिली आहे की जणू ती आत्ताच कथेत आली. प्रत्यक्षात ती त्याच अध्यायाच्या सुरुवातीला कबरेकडे निघालेली आहे. ग्रीकची शैलीही बदलते.

म्हणून ही वचनं ‘खोटी’, असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात इरेनियसला यातलं एक वचन मार्कचं म्हणून ठाऊक होतं, आणि नंतरच्या बहुसंख्य ग्रीक हस्तलिखितांत ती आहेत. ती जुनी आहेत, मंडळीने शतकानुशतकं वाचलेली आहेत, आणि बहुधा मार्कच्या हातची नाहीत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांगता येणं, हे तुमचं काम.

इथे मला नेहमीचं उत्तर मिळतं: ‘हे लोकांना सांगू नये, भाबडी माणसं आहेत, श्रद्धा डळमळेल.’ स्पष्टच बोलतो, यात मला करुणा दिसत नाही, उर्मटपणा दिसतो. आपल्याला पेलतं ते मंडळीला पेलणार नाही, हे कोणी ठरवलं? उधारीच्या बियाण्यावर, बेभरवशाच्या पावसावर जी बाई दरवर्षी पेरते, तिला अनिश्चितता म्हणजे काय हे तुम्ही शिकवणार? तिला ग्रीक येत नाही, तुमचं म्हणणं तपासायला तिच्याकडे साधन नाही. म्हणून तर तिच्यापासून काही लपवून ठेवण्याचा हक्क तुम्हाला नाही. (दुसरा प्रकारही असतो: पहिल्याच रविवारी ‘हे मुळात नाहीच’ असं जाहीर करून पुढची ओळ वाचणारा. त्यालाही समोरची माणसं दिसत नसतात.)

गप्प राहण्याची किंमतही ठाऊक असू द्या. अमेरिकेत याच वचनावर साप हाती धरण्याचा पंथ उभा राहिला. त्याचा प्रसिद्ध प्रचारक जॉर्ज हेन्सली १९५५ साली सापाच्या दंशानेच मेला. त्याने उपचार नाकारले होते. आपल्याकडे कोणी साप धरत नाही, पण दंश झाल्यावर आधी मांत्रिक किंवा आधी प्रार्थना, यात वेळ जातो. फवारणीच्या विषबाधेतही तेच. घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, दम लागतो. अशा वेळी भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुणं आणि तडक दवाखाना गाठणं एवढंच हातात असतं.

तेव्हा कपाशीवर फवारणी सुरू होण्याआधीच्या एखाद्या रविवारी हा अध्याय मुद्दाम घ्या. आठव्या वचनापाशी थांबा, जुन्या पोथ्या इथे संपतात हे सांगा, मग पुढची बारा वाचा. कोणी विचारेल, ‘पाळकसाहेब, मग हे देवाचं वचन आहे की नाही?’ तुम्हाला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगा आणि जिथे ठाऊक नाही तिथे तसं म्हणा. उपासना संपल्यावर सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळतं आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे दाराशी उभं राहून प्रत्येकाला सांगा.