मिनिट्समध्ये वकिलाचा सल्ला किती लिहायचा?

प्रायव्हेट लिमिटेड काढली की मिनिट्स बुक आलंच. बरेच जण त्यात वकील जे बोलले ते शब्दशः उतरवतात. काहीच न लिहिण्यापेक्षाही हे जास्त महागात पडू शकतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा, उल्हासनगर कॅम्प 5 मध्ये तुमचं जीन्सचं युनिट आहे. बदलापूरच्या एका दुकानदाराकडे 4,80,000 रुपये अडकलेत. तो म्हणतो, दुसरा लॉट खराब होता. मिटिंगमध्ये वकील सांगतात, "दुसऱ्या लॉटच्या चलनावर सही नाही, तिथे आपली बाजू कच्ची आहे. तीन लाखांत मिटत असेल तर मिटवा." हे वाक्य मिनिट्समध्ये गेलं. पुढे बँकेने लोनसाठी ठरावाची प्रत मागितली आणि तुम्ही अख्ख्या पानाचा फोटो पाठवून मोकळे झालात. ऑडिटरही तेच बुक बघतो. भांडून बाहेर पडलेल्या डायरेक्टरकडे तर फोटो असतोच. आता तुमची शेवटची किंमत दुकानदाराला कळायला कितीसा वेळ लागणार?

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 मधलं कलम 132 वकिलाचं तोंड बंद ठेवतं: तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याला तुमचं बोलणं किंवा त्याने दिलेला सल्ला उघड करता येत नाही. वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं सांगायची सक्ती तुमच्यावरही होऊ नये, यासाठी कलम 134 आहे. पण त्यातला 'गोपनीय' हा शब्द महत्त्वाचा. चार ठिकाणी फिरलेलं पान गोपनीय कसं, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

मग लिहायचं काय? एवढंच:

"थकबाकी प्रकरणी अ‍ॅड. ___ यांनी संचालकांना कायदेशीर सल्ला दिला. तो विचारात घेऊन, पुढील कार्यवाहीचे अधिकार श्री. ___ यांना देण्याचा ठराव झाला."

सल्ला घेतला याची नोंद हवीच. उद्या कोणी निर्णयावर बोट ठेवलं, तर तुम्ही विचार करून पाऊल उचललं हे दिसतं. 'सल्ल्यानुसार' हा शब्द मात्र टाळा, कारण ठराव वाचला की सल्ला काय होता तेही कळतं. तीन लाखांचा आकडा वकिलाच्या लेखी मतासोबत वेगळ्या, कुलुपातल्या फाइलमध्ये ठेवा. मिटिंगला सप्लायर किंवा मेहुणा बसला असेल, तर वकील बोलायच्या आधी त्याला बाहेर पाठवा आणि तो बाहेर गेल्याचं, परत आल्याचं एका ओळीत नोंदवा. बँकेला फक्त त्यांना हव्या असलेल्या ठरावाचा प्रमाणित उतारा द्यायचा. (आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ला फॉरवर्ड करणं? कृपया नको.)

हे संरक्षण वकिलाच्या सल्ल्याला आहे, सीएच्या नाही. पगारी लीगल ऑफिसरला कलम 132 चं संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2025 रोजी सांगितलंय. त्यामुळे केस नाजूक असेल, तर अंबरनाथच्या फॅक्टरीत कायद्याचं बघणारा माणूस नोकरीला असला तरी मत बाहेरच्या, प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाकडूनच घ्या. आणि बेकायदा कामासाठी घेतलेला सल्ला कुठल्याच फाइलमध्ये सुरक्षित नसतो, कलम 132 मध्येच तो अपवाद आहे.