स्कीम असूनही किराणा दुकानदार महिन्याचा माल एकदम का भरत नाही?

22 सप्टेंबर 2025 ला अंगाच्या साबणावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ग्राहक खूश झाले. पण स्कीम बघून महिन्याभराचा साबण भरून ठेवलेल्या छोट्या दुकानदाराचं गणित मात्र बिघडलं. कसं, ते एका उदाहरणातून बघू.

समजा, गल्लीतल्या एका दुकानात आठवड्याला 4,000 रुपयांचा साबण लागतो. होलसेलर म्हणतो, "चार आठवड्यांचा एकदम घ्या, 3 टक्के सूट देतो." म्हणजे 16,000 च्या मालावर 480 रुपये वाचले. कागदावर सौदा उत्तम आहे.

अडचण अशी की आठवड्याच्या खरेदीपेक्षा जवळपास 11,500 रुपये जास्त आजच मोजायचे आहेत, आणि गल्ल्यात तेवढे पैसे नसतात. मग ते तेलाच्या डब्यांच्या पैशांतून जातात. तेल संपलं की महिन्याची यादी घेऊन आलेलं गिऱ्हाईक फक्त तेल वगळून बाकीचं घेत नाही, अख्खी यादीच शेजारच्या दुकानात नेतं. 1,500 रुपयांच्या यादीत 10 टक्के सुटत असतील, तर अशी चार घरं गेली की 600 रुपये गेले. वाचवलेल्या 480 पेक्षा जास्त!

उधारीचंही तसंच. होलसेलरने आठ दिवसांची मुदत दिली, तर आठवड्याचा साबण विकून त्याच पैशांत बिल भागतं. महिन्याचा माल घेतला तर तीन हिस्से पैसे पदरचे घालावे लागतात. वर खोकी ठेवायची कुठे? बहुतेकदा काउंटरखाली, म्हणजे रोज खपणाऱ्या बिस्किटांच्या जागेवर.

आता जीएसटीकडे येऊ. याच दुकानदाराने 1 सप्टेंबरला महिन्याचा साबण भरला असं धरू. 22 तारखेला त्याच्याकडे एका आठवड्याचा माल उरला. त्याची नोंदणी नसेल किंवा तो कंपोझिशन योजनेत असेल, तर खरेदीवर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. नव्या दराने विकायचं म्हटलं तर या उरलेल्या मालावर साधारण 430 रुपये अंगावर येतात. म्हणजे स्कीमचे 480 जवळपास संपलेच. दर आठवड्याला माल घेणाऱ्याला मात्र 3 सप्टेंबरच्या घोषणेनंतर फळी रिकामी करायला पुरेसे दिवस मिळाले.

याचा अर्थ रोज थोडं थोडं आणावं असाही नाही. प्रत्येक फेरीला टेम्पोचं भाडं आहे, दुकान बंद ठेवायचा वेळ आहे. म्हणून जुने दुकानदार प्रत्येक मालाचा हिशोब वेगळा ठेवतात. तेलाचा रोज एक डबा खपतो आणि माल यायला दोन दिवस लागतात, तर तीन डबे उरले की फोन करायचा. मीठ स्वस्त आणि टिकाऊ, ते महिन्याचं घेतलं तरी पैसे फारसे अडकत नाहीत.