आरएसआय ७० च्या वर गेला म्हणजे शेअर विकायचा का? एक पुणेरी उदाहरण

गेल्या आठवड्यात माझ्या मामेभावाचा फोन आला. तो कोथरूडला राहतो, नोकरी आयटीत आणि डिमॅट खातं दोन वर्षांपूर्वीचं. "दादा, माझ्या शेअरचा आरएसआय ७८ झालाय. अ‍ॅपवर लाल अक्षरात ओव्हरबॉट दाखवतंय. विकून टाकू का?"

मी त्याला उलट विचारलं, "७८ म्हणजे काय, सांग बघू." तो म्हणाला, "म्हणजे खूप जास्त खरेदी झालीये." मग मी विचारलं, "कशाच्या मानाने जास्त?" तिथे गाडी अडली. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी माझीही गाडी तिथेच अडायची, आणि त्याचा मला चांगलाच फटका बसला. तो किस्सा पुढे येईलच. आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू.

आरएसआय म्हणजे रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स. जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन माणसाने १९७८ मध्ये आपल्या पुस्तकात तो मांडला. वाइल्डर मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर, आणि तेव्हा हे गणित कागदावर किंवा कॅल्क्युलेटरवर करायचं होतं. त्यामुळे पद्धत मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. दहावीचं गणित येत असेल तर आरएसआय येतो.

रोजचा बंद भाव घ्यायचा आणि आदल्या दिवसाच्या बंद भावाशी त्याचा फरक काढायचा. भाव वाढला असेल तर फरक 'वाढ' या रकान्यात, घसरला असेल तर 'घट' या रकान्यात. घट लिहिताना वजाचं चिन्ह काढून टाकायचं. असे १४ दिवसांचे फरक झाले की दोन्ही रकान्यांची सरासरी काढायची. इथे एक गोष्ट बरेच जण चुकतात. घट चारच दिवस झाली असली तरी बेरजेला ४ ने नाही, १४ नेच भागायचं.

समजा १४ दिवसांत दहा दिवस भाव वाढला आणि त्या वाढींची बेरीज ८४ रुपये आली. चार दिवस भाव घसरला आणि ती बेरीज २८ रुपये. सरासरी वाढ ८४ भागिले १४, म्हणजे ६. सरासरी घट २८ भागिले १४, म्हणजे २. यांचं गुणोत्तर ३. आता सूत्र:

```
RS  = avg_gain / avg_loss
RSI = 100 - 100 / (1 + RS)
```

१०० मधून १०० भागिले ४ वजा केले की उरले ७५. झाला आरएसआय.

पण हे सूत्र जरा कोड्यात बोलतं. तेच गणित असंही लिहिता येतं: सरासरी वाढ भागिले वाढ आणि घट यांची बेरीज, गुणिले १००. आपल्या उदाहरणात ६ भागिले ८, म्हणजे ७५ टक्के. म्हणजे गेल्या काही दिवसांत भाव वर-खाली मिळून जेवढा चालला, त्यातली ७५ टक्के चाल वरच्या दिशेने होती. आरएसआय एवढंच सांगतो. ७० म्हणजे दहा पावलांपैकी सात पावलं वर. त्यात 'जास्त', 'महाग' किंवा 'आता पडणार' असं काहीच नाही. हे शब्द आपण बाहेरून चिकटवलेले आहेत.

पंधराव्या दिवसापासून पद्धत थोडी बदलते. दरवेळी नव्याने १४ दिवसांची बेरीज करायची नाही. कालच्या सरासरीला १३ ने गुणायचं, आजचा फरक मिळवायचा आणि १४ ने भागायचं. समजा पंधराव्या दिवशी भाव ८ रुपयांनी घसरला. सरासरी वाढ (६ × १३ + ०) भागिले १४ = ५.५७. सरासरी घट (२ × १३ + ८) भागिले १४ = २.४३. आरएसआय आला ६९.६. ओव्हरबॉटचा लाल दिवा विझला! प्रत्यक्षात शेअर १५ दिवसांपूर्वीच्या भावापेक्षा अजून ४८ रुपये वरच आहे. दिवा लागला तेव्हा काही बिघडलं नव्हतं, आणि विझला म्हणून काही सुधारलंही नाही.

याच उदाहरणात पंधराव्या दिवशी घसरण न होता भाव फक्त १ रुपया वाढला असता तर? गणित करून बघा, आरएसआय ७५ वरून ७५.२ होतो. म्हणजे वाढ अगदी मंदावली तरी, जोवर घट होत नाही तोवर आकडा वरच सरकतो. टोकाचं उदाहरण घ्यायचं तर रोज एकच रुपया वाढणाऱ्या आणि एकदाही न घसरणाऱ्या शेअरचा आरएसआय १०० येईल. या शेअरला कुणी 'तापलेला' म्हणेल का?

आता माझा किस्सा. बजाज ऑटो, आपल्या आकुर्डीची कंपनी. २०२३ च्या मार्चनंतर बहुतेक महिने हा शेअर वरच गेला, आणि नोव्हेंबर २०२३ अखेर भाव ६,००० रुपयांच्या आसपास होता. मासिक चार्टवर आरएसआय ७० च्या वर होता. मी कुठेतरी वाचलेलं होतं की मासिक आरएसआय जास्त भरवशाचा असतो. तेव्हा मोठ्या शहाणपणाने माझ्याकडचे शेअर विकले आणि मित्रांना चहा पाजला.

८ जानेवारी २०२४ ला कंपनीच्या संचालक मंडळाने बायबॅक जाहीर केला: ४० लाख शेअर, प्रत्येकी १०,००० रुपयांनी. बाजारभाव तेव्हा ७,००० च्या आसपास होता. पुढे मार्चमध्ये शेअर ९,००० च्या वर गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने १२,७०० च्याही वरचा उच्चांक केला. मी विकल्यापासून दहा महिन्यांत दुप्पट. या सगळ्या काळात मासिक आरएसआय 'ओव्हरबॉट' होताच. चहाचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

चूक कुठे झाली? आरएसआयने मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. दहापैकी सातहून जास्त पावलं वर पडतायत, हे खरंच होतं. पण वाढणारा शेअर असाच दिसतो! दुप्पट व्हायच्या वाटेवर असलेला शेअर बहुतेक वेळा आधी ७० ओलांडतोच. भाव का वाढतोय, विक्री सुधारली आहे का, कंपनी स्वतः शेअर परत घेणार आहे का, हे आरएसआयच्या सूत्रात कुठेच नाही. त्याला फक्त बंद भाव माहीत असतो.

गोष्टीचा उत्तरार्धही पाहण्यासारखा आहे. १७ ऑक्टोबर २०२४ ला, तिमाही निकालांनंतर, हाच शेअर एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. म्हणजे विकायला योग्य दिवस त्याच्या आदला होता. पण त्याच्या आधीचे काही आठवडे शेअर उच्चांकावरून हळूहळू खाली येत होता, त्यामुळे आदल्या दिवशी रोजच्या चार्टवर आरएसआय ७० च्या वर नव्हताच. दिवा महिनोन्‌महिने लागलेला होता तेव्हा शेअर चढत राहिला, आणि धडाम पडला तेव्हा रोजच्या चार्टवरचा दिवा बंद होता. (एका उदाहरणावरून नियम काढू नये हे मान्य. पण 'लाल म्हणजे विका' हा नियम तरी कशावरून काढलाय?)

मग ७० ची रेषा कशाला? वाइल्डरने स्वतः नुसत्या ७० वर बोट ठेवलं नव्हतं. त्याला जास्त महत्त्वाचा वाटत होता तो 'फेल्युअर स्विंग'. आरएसआय ७० च्या वर जातो, मग खाली येतो, पुन्हा वर निघतो पण आधीचं शिखर गाठू शकत नाही, आणि मग मधल्या खड्ड्याच्याही खाली घसरतो. त्या क्षणी वरच्या दिशेचा जोर ओसरल्याची खूण मिळते. म्हणजे उंची नाही, उंचीवरून परत येताना काय झालं ते बघायचं. एकाच रेंजमध्ये वर-खाली होणाऱ्या शेअरमध्ये ७० आणि ३० बऱ्यापैकी कामाला येतात, कारण तिथे वर गेलेला भाव परत येण्याची सवय असते. जोरदार तेजीत मात्र आरएसआय बराच काळ ४० ते ८०-९० च्या पट्ट्यात फिरतो. तिथे ४० च्या आसपास टेकून परत वर येणं हीच तेजी शाबूत असल्याची खूण मानतात. म्हणून आधी शेअर रेंजमध्ये आहे की ट्रेंडमध्ये हे ठरवायचं, आणि ते आरएसआयला विचारून ठरत नाही.

आपल्यातले काही जण पायथनमध्ये स्वतः आरएसआय काढतात, त्यांच्यासाठी थोडं. `close` ही बंद भावांची मालिका धरली तर:

```python
d = close.diff()
ag = d.clip(lower=0).ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
al = (-d.clip(upper=0)).ewm(alpha=1/14, adjust=False).mean()
rsi = 100 * ag / (ag + al)
```

इथे `alpha=1/14` च्या जागी `span=14` लिहिणं ही नेहमीची चूक. मग नव्या दिवसाचं वजन १/१४ ऐवजी २/१५ होतं, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि आरएसआय उगाच उड्या मारू लागतो. तुमचा आकडा चार्टशी जुळत नसेल तर आधी हे तपासा. दुसरं, सुरुवातीच्या शंभरेक दिवसांचे आकडे सोडून द्या. मालिका कुठून सुरू केली याचा परिणाम रोज १३/१४ पटीने कमी होतो. ५० दिवसांनी तो सुमारे अडीच टक्के उरतो, १०० दिवसांनी नगण्य. दोन अ‍ॅप एकाच शेअरचा वेगळा आरएसआय दाखवतात, त्याचं एक कारण हेच असतं.

आणि भाव 'अ‍ॅडजस्टेड' आहेत ना, ते बघा. जून २०२५ मध्ये बजाज फायनान्सने (हीसुद्धा पुण्याचीच) बोनस आणि स्प्लिट एकदम दिले. एका शेअरचे दहा झाले आणि ९,००० च्या घरातला भाव ९०० च्या घरात आला. गुंतवणूकदाराचं काहीच गेलं नाही. पण कच्च्या भावांवर गणित केलं तर त्या दिवशी आठ हजारांहून जास्त रुपयांची 'घट' नोंदली जाते आणि आरएसआय तळाला जातो. कुणीतरी नक्की 'ओव्हरसोल्ड, घेऊन टाका' म्हणालं असेल.

मामेभावाला मी विका किंवा ठेवा असं सांगितलं नाही. मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही, आणि चहाचा किस्सा त्याला माहीत आहे. त्याच्या शेअरचा दोन वर्षांचा चार्ट उघडायला लावला आणि विचारलं की याआधी आरएसआय ७० च्या वर कधी गेला, आणि पुढच्या तीन महिन्यांत काय झालं ते मोज. पाच वेळा गेला होता. दोनदा भाव पडला, तिनदा आणखी वाढला.

"मग आता काय करू?" तो म्हणाला.

"तिमाही निकाल कधी आहेत?" मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. आता शोधतोय.