फोटोतला हिरवा बटाटा

खानावळींना सल्ला देणाऱ्या आहारतज्ज्ञांच्या फोनवर असा फोटो हमखास येतो. पोत्याच्या तोंडाशी पाच-सहा बटाटे, दोघांवर हिरवी झाक, एकाला कोंब आणि खाली वसतिगृहाच्या आचाऱ्याचा प्रश्न : "मॅडम, चालतील का?"

हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते पालकातही असते. त्याने कुणाला बाधा होत नाही. बाधते ते सोलानिन आणि चॅकोनिन, आणि त्यांना रंगच नाही. उजेड लागला की सालीलगत हरितद्रव्य आणि ही विषे, दोन्ही वाढतात, पण एकमेकांवर अवलंबून न राहता. म्हणजे हिरवेपणावरून बटाटा उजेडात पडून होता एवढे कळते, विष किती झाले ते नाही. मार लागलेल्या किंवा मोड आलेल्या बटाट्यात तर अंधारातही, हिरवा न होता, विष वाढते.

म्हणूनच फोटोवरून 'नको' म्हणता येते, 'खुशाल वापरा' म्हणता येत नाही. पिवळ्या दिव्याखाली हिरवी झाक मातकट दिसते, लाल सालीवर ती लपते आणि खालची बाजू तर दिसतच नाही. आचाऱ्याला सांगा, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर बटाटे ठेव, दोन्ही बाजूंनी फोटो काढ, एकाची साल काढून मधोमध काप. हिरवा पट्टा सालीबरोबर निघून गेला आणि बटाटा टणक असेल, तर जाड साल काढून, कोंब डोळ्यासकट खोल कोरून तो वापरता येतो. हिरवेपणा गरात उतरला असेल, बटाटा सुरकुतला किंवा मऊ पडला असेल, तर तो टाकायचा. शिजवलेला बटाटा कडू लागला किंवा घशाशी जळजळला, तर सगळी भाजी बाजूला काढायची. ही चव फोटोत येत नाही. उकळून विष जात नाही, तळूनही त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आग्नेय लंडनमधल्या एका शाळेचा अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. आधीच्या सत्रातून उरलेल्या पोत्यातले बटाटे खाऊन ७८ मुले आजारी पडली, १७ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू झाले, त्यामुळे पहिला संशय बटाट्यावर जाणे अवघडच.

मुलांच्या खानावळीत हिशेब आणखी कडक हवा. किलोमागे २०० मिलिग्रॅम ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी कमाल मर्यादा. त्या मर्यादेवरच्या १०० ग्रॅम बटाट्यात २० मिलिग्रॅम विष जाते. शरीराच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅमपासून त्रास होऊ शकतो. म्हणजे २० किलोच्या मुलाला एवढी भाजी पुरते, ६० किलोच्या आचाऱ्याला ३०० ग्रॅम लागेल. आचाऱ्याने स्वतः खाऊन 'मला काही झालं नाही' असे कळवले, तरी पोते पास होत नाही.