वर्गमूळाचा अवकलज: एकदा तरी हाताने काढा

मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. तिची मुलगी इथे इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाला आहे. जेवणाआधी ती गणिताचं सोडवत बसली होती. मी विचारलं, "√x चा अवकलज व्याख्येवरून काढता येईल का तुला?" ती म्हणाली, "मावशी, पॉवर रूल लावला की एका ओळीत येतो. एवढा खटाटोप कशाला?"

तिचं चुकलं असं नाही. ए-लेव्हलच्या अभ्यासक्रमात व्याख्येवरून अवकलज काढायला सांगतात तो x² किंवा x³ सारख्या छोट्या धन पूर्णांक घातांचा, आणि sin व cos चा. वर्गमूळ त्या यादीत नाही. माझं मत असं, की ते असायला हवं. आणि शाळेत नसेल तर तुम्ही घरी मुलांकडून ते एकदा करून घ्यावं. कारण सांगते.

पॉवर रूल म्हणतो, xⁿ चा अवकलज n·xⁿ⁻¹. घात २ किंवा ३ असेल तर (x+h)ⁿ कंस सोडवून पूर्ण लिहिता येतो, मोजकी पदं मिळतात, xⁿ वजा होतो, उरलेल्या प्रत्येक पदात h असतो आणि तो छेदातल्या h शी छाटला जातो. आता घात १/२ घ्या. √(x+h) चा कंस कसा सोडवणार? मोजक्या पदांत तो सुटतच नाही. म्हणजे ज्या रीतीने नियम सिद्ध केला ती रीत इथे चालत नाही, आणि तरी आपण नियम बिनदिक्कत वापरतो. कुणी म्हणेल, y² = x लिहा आणि दोन्ही बाजूंचा अवकलज घ्या. उत्तर बरोबर येतं, पण त्यात y ला अवकलज आहे हे आधीच गृहीत धरलेलं असतं. व्याख्येवरून काढताना असं काही गृहीत धरावं लागत नाही.

तर मांडून पाहू. व्याख्या सांगते, फलातला बदल भागिले h हे गुणोत्तर घ्या आणि h शून्याकडे नेल्यावर ते कुठे जातं ते बघा:

```
( √(x+h) − √x ) / h
```

इथे h = 0 ठेवला तर ०/० मिळतं, त्यातून काहीच कळत नाही. पुस्तकं या ठिकाणी सांगतात, "अंश आणि छेदाला √(x+h) + √x ने गुणा." मुलांना ही जादूगाराच्या टोपीतून काढलेली युक्ती वाटते आणि ती पाठ केली जाते. माझा आक्षेप याच शब्दाला आहे. ही युक्ती नाही. नववीत करणींच्या धड्यात छेदाचं परिमेयीकरण करताना अनुबद्ध जोडी वापरली होती, तीच ही जोडी. फरक इतकाच, की तेव्हा छेदातलं वर्गमूळ घालवलं होतं, आता अंशातलं घालवायचं आहे.

आणखी सरळ बघायचं तर √(x+h) ला a म्हणा आणि √x ला b. मग a² म्हणजे x+h, b² म्हणजे x, आणि त्यांची वजाबाकी म्हणजे नेमका h. छेदात बसलेला h हा मुळात a² − b² च आहे! म्हणून:

```
(a − b) / (a² − b²) = (a − b) / ((a − b)(a + b)) = 1 / (a + b)
```

h शून्य नाही, म्हणून a आणि b समान नाहीत, म्हणून a − b छाटता येतो. उरलं `1/(√(x+h) + √x)`. आता h शून्याकडे न्या, √(x+h) हे √x कडे जातं आणि उत्तर येतं `1/(2√x)`.

डोळ्यांसमोर चित्र हवं असेल तर ४ चौरस मीटरचा चौकोनी गालिचा घ्या. बाजू २ मीटर. क्षेत्रफळ थोडं वाढवायचं, पण चौकोन चौकोनच ठेवायचा, तर लगतच्या दोन बाजूंना प्रत्येकी सुमारे २ मीटर लांबीची बारीक पट्टी जोडावी लागेल. वाढीव क्षेत्रफळ दोन पट्ट्यांत वाटलं जातं, म्हणून पट्टीची रुंदी साधारण h/4. सूत्रात x = 4 घाला, १/४ च येतं.

मुलं इथे कुठे घसरतात? सगळ्यात जास्त वेळा √(x+h) चे √x + √h असे दोन तुकडे करतात. मग √x वजा होतं आणि √h/h, म्हणजे 1/√h उरतं. चूक ओळखायची खूण उत्तरातच आहे: h लहान होत गेला की हे अनंताकडे जातं, आणि त्यात x कुठेच नाही. म्हणजे आलेखाला प्रत्येक बिंदूपाशी उभी भिंत! आलेख समोर काढला असेल तर हे होणार नाही हे लगेच दिसतं.

गंमत अशी, की हेच चुकीचं उत्तर एका जागी बरोबर आहे. x = 0 घ्या. तिथे गुणोत्तर खरोखरच √h/h होतं, ते अनंताकडे जातं, आणि h फक्त धन घेता येतो. शून्यापाशी √x ला अवकलज नाही, स्पर्शिका उभी आहे. `1/(2√x)` या उत्तरात x = 0 चालत नाही हे मुलं नियम म्हणून पाठ करतात, पण का चालत नाही ते व्याख्येकडे गेल्यावरच दिसतं.

"हे सगळं कागदावर ठीक, प्रत्यक्षात कोण असं करतं?" हा प्रश्नही रास्त आहे. त्यासाठी संगणकाकडे जाऊ. खालच्या ओळी पायथॉनमध्ये चालवून बघा. x = 4 आहे, खरं उत्तर ०.२५. पहिला आकडा मूळ गुणोत्तराचा, दुसरा a + b वाल्या रूपाचा.

```
from math import sqrt
for k in (4, 8, 12, 13, 14, 15):
    h = 10.0**-k
    print(k, (sqrt(4+h)-2)/h, 1/(sqrt(4+h)+2))
```

सीमेची व्याख्या म्हणते, h जितका लहान तितकं उत्तर चांगलं. पहिला आकडा सुरुवातीला तसाच वागतो: k = 4 ला ०.२४९९९८४, आणि k = 8 ला ०.२५ च्या अगदी जवळ. मग तो बिघडायला लागतो. k = 12 ला ०.२५००२, k = 13 ला ०.२४८७, k = 14 ला ०.२२२०, आणि k = 15 ला चक्क शून्य. दुसरा आकडा k वाढवला तरी ०.२५ ला चिकटून राहतो.

कारण साधं आहे. संगणक संख्या साधारण १६ अंकांपर्यंतच ठेवतो. √(4+h) आणि २ यांचे पहिले चौदा-पंधरा अंक सारखे असले, तर वजाबाकीत ते सगळे उडून जातात. उरतात ते शेवटचे एक-दोन अंक, आणि तेच नेमके गोलाकार करताना बिघडलेले असतात. वर त्यांना h सारख्या चिमुकल्या संख्येने भागायचं, म्हणजे चूक प्रचंड मोठी होते. a + b मध्ये बेरीज आहे, त्यामुळे काहीच उडत नाही. बीजगणितात दोन्ही रूपं एकच आहेत, संगणकात नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, नाक ठेचून शिकले. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकाशाच्या इंटरफेरन्सचं सिम्युलेशन लिहीत होते. पडदा १ मीटरवर. मध्यापासून d अंतरावरच्या बिंदूपर्यंत प्रकाशाला किती जास्त अंतर कापावं लागतं, हे `√(1 + d²) − 1` ने काढत होते. वेग हवा म्हणून साध्या, म्हणजे साधारण सात अंकांच्या अचूकतेत. आलेख गुळगुळीत यायला हवा होता, आल्या जिन्यासारख्या पायऱ्या. d एक मिलिमीटर असताना उत्तर ५०० नॅनोमीटर यायला हवं, माझा प्रोग्राम ४७७ देत होता. d त्याच्या दहाव्या भागाइतका केला की ५ नॅनोमीटरऐवजी शून्य. पायरीची उंची प्रत्येक वेळी सुमारे ११९ नॅनोमीटर, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या जवळपास पाव तरंगलांबीइतकी. असं असताना वलयं कुठून जागेवर येणार?

तीन आठवडे मी भिंगाच्या मॉडेलला दोष देत होते. शेवटी लक्षात आलं की पायऱ्यांची उंची कधीच बदलत नाही. प्रकाशाला अशा पायऱ्या नसतात, त्या संख्या साठवण्याच्या पद्धतीला असतात. मग ओळ बदलून `d² / (√(1 + d²) + 1)` केली आणि वलयं जागेवर बसली. अकरावीतली तीच अनुबद्ध जोडी! तेव्हा मी ती पाठ केली होती, ती काय करते हे समजून घेतलं नव्हतं. समजलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

याची मर्यादाही सांगते. वर्गमूळात a² − b² हे ओळखीचं रूप हाताशी आहे म्हणून हे जमतं. घनमुळाला a³ − b³ चे अवयव घेऊन याच वाटेने जाता येतं, पण कुठल्याही फलाला अशी जोडी मिळेल असं नाही. आणि रोजच्या कामात अवकलज नियमांनीच काढायचे असतात, मीही तेच करते. प्रत्येक वेळी व्याख्येकडे जा असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की एकदा जाऊन या, आणि त्यासाठी x² पेक्षा √x निवडा. x² मध्ये h आपोआप छाटला जातो. √x मध्ये तो कुठे दडलाय ते शोधावं लागतं, आणि ०/० मागे खरं काय आहे ते तिथेच कळतं.

मैत्रिणीच्या मुलीने त्या संध्याकाळी पोळ्या होईपर्यंत ते सोडवलं. आधी तिने √x + √h केलं, उत्तर अनंत आलं, मग तिने स्वतःच आलेख काढला आणि खोडरबर उचललं. "युक्ती" मी तिला सांगितली नाही. फक्त विचारलं, "h म्हणजे कुणाच्या वर्गांची वजाबाकी?" तुमच्या घरी कुणी अकरावी-बारावीला असेल तर हाच प्रश्न विचारून बघा.