सूरह पाठ, पण कोथिंबीर विसरला

गेल्या महिन्यात कोल्हारला नात्यातल्या घरी गेले होते. धाकटा मुलगा चौथीत. अम्मीने तीन कामे सांगितली: दळण गिरणीत ठेव, येताना कोथिंबीर आण आणि शेजारच्या खालाजानना सांग, उद्या येते. पोराने दळण ठेवले आणि हात हलवत परत आला. अम्मी चिडल्या. "सूरह यासीनच्या त्र्याऐंशी आयती तोंडपाठ आहेत, मग तीन कामे कशी विसरतो? मुद्दाम करतो हा!"

मला तसे वाटले नाही. सांगितलेले काम होईपर्यंत मनात धरून ठेवणारी कार्यस्मृती वेगळी आणि वर्षानुवर्षे साठवणारी दीर्घकालीन स्मृती वेगळी. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यस्मृतीची मांडणी केली. तिच्यात मोठ्या माणसाच्याही तीन-चारच गोष्टी मावतात, मुलांच्या त्याहून कमी. मनात घोळवले नाही, तर काही सेकंदांत निसटते. गिरणीचा आवाज झाला, मित्राने हाक मारली, की कोथिंबीर गेली. लक्ष टिकत नाही अशा पुष्कळ मुलांची हीच जागा कमजोर असते.

यासीन मात्र अशी धरून ठेवलेली नसते. मक्तबमध्ये रोज थोडा नवा सबक, मागच्याची उजळणी, एका आयतीला धरून पुढची आयत. इतक्या आवृत्त्यांनी ती कायमच्या साठ्यात गेली. म्हणून 'ते जमते तर हेही जमलेच पाहिजे' हा हिशेबच चुकतो.

मी पोराला सेकंदाला एक अशा बेताने आकडे सांगितले. सरळ क्रमाने चार म्हटले, उलट्या क्रमाने दोनच. उलटे म्हणताना आकडे धरायचेही असतात आणि फिरवायचेही, तिथे तो अडला. हे काही निदान नव्हे. झोप कमी असली किंवा ऐकू कमी येत असले, तरी असे होते.

मग विचारले, "अम्मीने कोथिंबीर सांगितली होती का?" लगेच म्हणाला, "हो, सांगितली होती!" म्हणजे ऐकले होते, वेळेवर आठवले नाही. शाळेतल्या धड्याचे वेगळे निघाले. खूण सांगूनही ओळखेना. वर्गात लक्ष दुसरीकडे होते, त्यामुळे धडा साठ्यात गेलाच नव्हता. जे आत गेले नाही ते रागावून बाहेर कसे येईल?

अम्मींना सांगितले, एका वेळी एकच काम द्या, त्याच्याकडून ते म्हणवून घ्या आणि कोथिंबिरीची पिशवी हातात द्या. धडा त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून त्याच्याच तोंडून ऐका. स्मरणशक्तीच्या मोबाइल खेळांवर पैसे घालू नका. मुले त्या खेळात तरबेज होतात, कोथिंबीर तरीही राहते. असे विसरणे घरी आणि शाळेत दोन्हीकडे सहा महिन्यांहून जास्त चालले आणि अभ्यास अडू लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

परवा अम्मींचा फोन आला. कोथिंबीर येते आता. खालाजानचा निरोप अजून राहतो.