निवृत्तिवेतन विकून दुकान घालावे काय?

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात शेतीबरोबर एखादी सरकारी नोकरीही असते. ती नोकरी संपली म्हणजे हाती एकरकमी पैसा येतो, आणि लगेच घरात विचार सुरू होतो की, या पैशावर गावात खते, बियाणे व औषधे यांचे दुकान घालावे. उद्योगास आमचा विरोध नाही. परंतु हा पैसा कोठून आला, हे पाहिल्यावाचून तो दुकानात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यास निवृत्त होताना दोन प्रकारची रक्कम मिळते. सेवा उपदान व शिल्लक रजेचा पैसा ही त्याची साठलेली कमाई होय. अंशराशीकरणाची रक्कम मात्र तशी नव्हे. तो आपल्याच निवृत्तिवेतनाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग पंधरा वर्षांकरिता विकून घेतलेला पैसा आहे.

उदाहरणार्थ, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्या एका लिपिकाचे मूळ निवृत्तिवेतन दरमहा २०,००० रुपये आहे असे धरू. चाळीस टक्के म्हणजे ८,००० रुपये त्याने विकले. येत्या वाढदिवसास त्याला एकोणसाठ वर्षे पूर्ण होणार, म्हणून गुणक ८.३७१ लागतो. ८,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, म्हणजे ८,०३,६१६ रुपये हाती आले. त्याबदली पंधरा वर्षांत १४,४०,००० रुपये त्याच्या वेतनातून वजा होतील. हे सुमारे पावणेनऊ टक्के व्याजाने घेतलेल्या कर्जासारखेच झाले. महागाई भत्ता पूर्ण वेतनावरच मिळतो, व तो मध्येच मरण पावल्यास कुटुंबाकडून वसुली होत नाही, एवढी सवलत त्यात आहे. पण तो हयात आहे तोवर दुकानाने दरमहा पहिले ८,००० रुपये दिलेच पाहिजेत, नफा त्यानंतरचा.

आता दुकानाचा हिशेब पाहू. आठ लाखांपैकी दीड लाख जागेची अनामत, फळ्या व परवाने यांत गेले आणि साडेसहा लाखांचा माल भरला असे समजा. खरेदीवर सरासरी दहा टक्के सुटतात, आणि भाडे व एका मुलाचा पगार मिळून महिना ११,००० खर्च आहे, असे धरू. भांडवल वर्षातून दोनदा फिरले तर १,३०,००० रुपये सुटतील व खर्च १,३२,००० होईल. म्हणजे वेतनातील ९६,००० गेलेच, वर आणखी खोट. तेच भांडवल चारदा फिरले तर खर्च व वेतनातील तूट वजा जाता ३२,००० उरतात. तीच दुकानदाराच्या वर्षभराच्या श्रमाची मजुरी. पंचवीस-तीस लाखांच्या विक्रीत ३२,००० रुपये बुडण्यास एक वाईट हंगाम पुरतो.

भांडवल चारदा का फिरत नाही, हे आम्हां शेतकऱ्यांस कोणी सांगावयास नको. जूनमध्ये नेलेल्या मालाचे पैसे आपण सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर देतो. घाऊक व्यापारी मात्र दुकानदाराकडे त्यापूर्वीच तगादा लावतो. पाऊस हुकला तर उधारी पुढील सुगीपर्यंत लांबते, आणि न खपलेल्या औषधाची मुदत संपते ती निराळीच. शिवाय गावातील भाऊबंदांस 'नाही' म्हणणे निवृत्त मनुष्यास जड जाते. दुकान बुडत आहे याची खूण गल्ल्यात दिसत नाही, उधारीच्या वहीत दिसते. मागील हंगामाची बाकी नव्या हंगामाच्या तोंडावरही उभी असेल, तर विक्री कितीही वाढो, भांडवल आटत आहे असे समजावे.

म्हणून आमची सूचना अशी की, दुकान घालावयाचेच असेल तर प्रथम उपदानातील, बुडाल्यास घर हालणार नाही, एवढाच भाग घालावा. बाकीचे दहा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर एप्रिल २०२३ मध्ये ठरलेल्या ८.२ टक्के दराने दर तिमाहीस २०,५०० रुपये येतात. साठ वर्षांच्या आतील निवृत्तांनी निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत हे खाते उघडावे लागते, हे विसरू नये.

अंशराशीकरणाची मात्र घाई नाही. नियत वयाने निवृत्त झालेल्यास एक वर्षाच्या आत अर्ज केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि एकोणसाठावा वाढदिवस येईपर्यंत गुणकही तोच राहतो. तेवढ्या अवधीत एक खरीप पुरा पाहून होतो. दिवाळीनंतर वही उघडावी. उधारी वसूल झाली असेल तर वेतन विकण्याचा विचार करावा. नसेल तर दरमहाचे ८,००० रुपये अद्याप आपलेच आहेत.